थांबण्याची जागा

तिच्या प्रत्येक व्हिडिओत एक जागा अशी यायची, जिथे काहीच व्हायचं नाही.

गॅस बंद केल्याचा आवाज. मग ओट्यावर एकटा कुकर. मागे पांढरी भिंत आणि भिंतीवर ओलीचा एक डाग, ज्याला बघणाऱ्यांपैकी कुणी बदक म्हणायचं, कुणी बूट. ती चौकटीच्या कडेला हाताची घडी घालून उभी. "थांबा," एवढंच म्हणायची आणि स्वतःही थांबायची. आत वाफ बसत जाते तेव्हा धातू बारीक आवाज करतो, कुणीतरी टेबलावर नख आपटत बसावं तसा. तेवढाच आवाज. बघणारा कंटाळेपर्यंत, आणि तो कंटाळा संपून त्याच्या पलीकडे काहीतरी सुरू होईपर्यंत. मग ती चमच्याच्या टोकाने शिट्टी उचलायची, वाकून कान द्यायची, आणि तरीही झाकणाला हात लावायची नाही.

"वाफ आली नाही म्हणजे आत वाफ नाही, असं समजू नका. शिट्टीखालची नळी तुंबलेली असली की वाफ आतच राहते. गप्प बसलेली असते, एवढंच."

लोक तिला कुकरताई म्हणायचे. गल्लीच्या वळणावर जिन्याखालचं दुकान तिचं. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढं. आधी तिथे नवरा स्टोव्ह दुरुस्त करायचा. स्टोव्ह गेले, मग नवराही गेला, आणि राहिली ती खिळ्यांवर मापाप्रमाणे लटकवलेल्या रबरी रिंगांची भिंत. कुणी कुकर घेऊन आलं की ती आधी झाकण उजेडात धरून नळीतून आरपार बघायची. उजेड दिसला तर बोलायची. नाही दिसला तर काही न बोलता तार हातात घ्यायची.

थोरली बहीण होती तिला. लग्नाआधीची गोष्ट. पाहुणे बसलेले, घाई होती, आणि बहिणीने जोर लावून झाकण फिरवलं. पुढे आयुष्यभर ती कुणाशी बोलताना पूर्ण चेहरा वळवून बोलायची, कारण डाव्या बाजूने तिला काही दिसायचं नाही. बहिणीने त्या दिवसाबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त कुणाच्याही घरी शिट्टी झाली की ती बोलता बोलता थांबायची, आणि पुढचं वाक्य विसरून जायची.

व्हिडिओंची कल्पना सुनेची. मुलगा नोकरीनिमित्त लांब होता, वर्षातून एकदा यायचा. घरात या दोघीच. सूनही कामाचीच बाई. चार दुकानांची इंटरनेटवरची पानं आणि चॅनल सांभाळणं, फोटो काढणं, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणं हा तिचा धंदा. सासूचं चॅनल तिने हौसेने सुरू केलं आणि ते तिच्या सगळ्या कामांपेक्षा जास्त टिकलं. कारण साधं होतं. लोक तिथे रिकाम्या वेळात येत नसत. झाकणातून पाणी गळतंय, शिट्टी होत नाहीय, हँडल हलतंय असं काहीतरी हातात घेऊन, शोधत शोधत यायचे. जुना व्हिडिओ असला तरी सापडायचा. बघायचे, विचारायचे, रिंगचं माप कळवायचे. आणि ती थांबण्याची जागा आली की खाली लिहायचे: थांबलो. थांबले. आम्ही दोघं थांबलो. एक नर्स होती, लांबच्या शहरातली, प्रत्येक व्हिडिओखाली तिचा तो एकच शब्द असायचा.

"वेडे आहेत का गं हे?" कुकरताईने एकदा विचारलं होतं.

"वेडे नाहीत, आई. तुमचे आहेत," सून म्हणाली.

मग पट्टी आली.

त्या ऍपचं खरं नाव वेगळं होतं, पण सगळे त्याला पट्टीच म्हणायचे. अंगठा वर सरकवला की एक क्लिप जायची, दुसरी यायची. कापडाच्या गठ्ठ्यातून पट्टी ओढत राहावं तशी ती संपायचीच नाही. कुणाला काही शोधावं लागत नसे. पट्टीच आणून समोर टाकायची. महिन्याभरात गल्लीतल्या प्रत्येक दुकानात गिऱ्हाईक असताना आणि नसताना ती चालू दिसायला लागली. माणसं मान खाली घालून हसायची. बाजूला उभं राहणाऱ्याला त्यांचं हसू दिसायचं, हसण्याचं कारण दिसायचं नाही.

शेजारचा चष्मेवाला पट्टीवर पहिल्यापासून होता. तो गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवायचा आणि चेहरा बदललेला दाखवायचा, बस्स. लोक फोनवरचा फोटो दाखवत त्याच्याकडे यायला लागले. तो चहाचा कप घेऊन कुकरताईच्या दारात येऊन उभा राहायचा.

"काय वहिनी, अजून वाफच बघताय?"

"तुला बरं दिसायला लागलंय रे हल्ली. चष्मा लागला का?"

"मला सगळं दिसतंय. तुमच्या सूनबाईला दिसत नाहीय. सगळ्या जगाला सांगते इथे जा, तिथे जा, आणि घरची म्हातारी अजून जुन्या चॅनलवर हाताची घडी घालून उभी."

"म्हातारी कुणाला म्हणतोस? फ्रेम नीट कर आधी माझी, दांडी वाकडी बसवलीयेस."

सून आत रिंगा मोजून ठेवत होती. ती हसली नाही. त्याच आठवड्यात तिच्या चार दुकानांपैकी बेकरीवाल्याने तिचं काम काढून घेतलं होतं. "तुम्ही पट्टीवर नाही आहात," एवढंच त्याने सांगितलं होतं, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

"आई, चॅनल थोडं उतरलंय. बघणारे तेच आहेत, नवे कमी येतायत."

"मग जे आहेत त्यांना उत्तरं दे. परवा एकाने विचारलंय, स्टीलच्या कुकरला ऍल्युमिनियमच्या कुकरची रिंग चालेल का म्हणून. तसाच पडलाय तो."

"देते. पण मी सगळ्या दुकानांना काय सांगते, तेच तुम्हालाही सांगते. आहे तिथे आपली मुळं रुजली आहेत, ती सोडायची नाहीत. पण नवीन जागेत सगळे जात असतील तर एकदा जाऊन बघायचं. पूर्ण घर हलवायचं नाही. थोडा वेळ ठरवायचा, थोडं काम ठरवायचं आणि आधीच ठरवायचं की काय झालं तर राहायचं, काय झालं तर परत यायचं. नवी जागा असते तोवर ती नव्या माणसाला उचलून धरते. नंतर नाही धरत."

"आणि काय झालं तर राहायचं?"

"बघणारे किती हे मोजायचं नाही. कुणी कुकर हातात घेऊन प्रश्न विचारतो का, ते बघायचं. विचारलं तर राहू. पट्टीवर लोक बघायला येतात, विचारायला येतात की नाही ते मला माहीत नाही. चष्मेवाल्याचं जमलं, कारण त्याचा माल बघण्याचाच आहे."

कुकरताई ताटात बोट फिरवत बसली. "त्या पट्टीवर किती वेळ मिळतो?"

"लोक पहिल्या दोन-तीन श्वासांत ठरवतात, राहायचं की जायचं."

"मग तिथे मी झाकण उघडणार नाही."

"म्हणजे?"

"जिथे थांबायला जागा नाही, तिथे कुकर उघडायचा नाही. बाकी काय पाहिजे ते दाखव. रिंगचं माप दाखव, हँडलचा स्क्रू दाखव. झाकण उघडताना नाही."

सुनेला ते पटलं. धंद्याच्या हिशोबानेही ते बरोबर होतं: नव्या जागेसाठी नवं करायचं, जुनंच ओतायचं नाही. "ठीक. पट्टीवर झाकण उघडायचं नाही," ती म्हणाली, आणि दोघींनी जेवण संपवलं.

पुढचे काही आठवडे सून नेमाने क्लिपा करत राहिली. सासूची बोटं रिंग ताणताहेत. सासू झाकण उजेडात धरतेय आणि नळीतून एक छोटा पांढरा ठिपका दिसतोय. त्या क्लिपा बघून पट्टीने खांदे उडवल्यासारखं केलं. थोडे लोक आले, गेले. प्रश्न कुणी विचारला नाही. एकाने लिहिलं, "काकूंची बोटं छान आहेत." आणि तिकडे चॅनलवर प्रश्न साचत गेले, कारण दिवस तेवढाच होता आणि हात दोनच. स्टीलच्या कुकरवाल्याने पुन्हा विचारलं. मग विचारणं सोडलं.

सुनेच्या स्वतःच्या नियमाने आता परत यायला हवं होतं. ठरलेली मुदत जवळ आली होती आणि ठरलेलं काही झालं नव्हतं. पण मुदत संपायच्या आतच मिठाईवालाही कुरकुरायला लागला, आणि चष्मेवाल्याने नवी पाटी लावली, जिच्यावर पट्टीचं चिन्ह त्याच्या नावापेक्षा मोठं होतं. दुसऱ्याला दिलेल्या सल्ल्यावर स्वतः चालायची वेळ आली की माणसाला पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते. तसं तिचं झालं, आणि परत यायचं तिने पुढे ढकललं.

त्याच दिवसांत पट्टीने एक नवी सोय दिली. मोठा, जुना व्हिडिओ तिच्या हवाली करायचा. त्यातल्या मोकळ्या जागा, जिथे कुणी बोलत नाही, काही आवाज नाही, त्या ती आपोआप गाळून टाकायची आणि चटपटीत तुकडे काढून द्यायची. सुनेने चॅनलवरचे सगळे जुने व्हिडिओ तिच्या हवाली केले. पहिले काही तुकडे बघितले. रिंगांचे होते, स्क्रूचे होते, स्वच्छ होते. बाकीच्यांना तिने तशीच मान्यता दिली. झाकणाचा नियम ती विसरली नव्हती. पण तो नियम तिच्या डोक्यात नव्याने चित्रित करायच्या क्लिपांचा होता. जुन्या व्हिडिओंत तर थांबणं होतंच. थांबणंच तर होतं त्यांच्यात.

ते गाळलं जाईल हे तिच्या मनात आलं नाही. ज्या जागेला ती आणि तिची सासू काम समजत होत्या, तिला पट्टी मोकळी जागा समजत होती.

त्या तुकड्यांपैकी एक क्लिप भराभर पसरली. दोन दिवसांत ती अशा ठिकाणी पोचली जिथे चॅनल सगळ्या वर्षांत पोचलं नव्हतं. गल्लीतली माणसं दारात येऊन डोकावायला लागली. कुणीतरी अनोळखी बाई फोन समोर धरून म्हणाली, "एकदा म्हणा ना, थांबा!" कुकरताईला कळलं नाही, पण गिऱ्हाईक आहे म्हणून ती म्हणाली, "थांबा." बाई खदखदून हसत निघून गेली.

"सूनबाई जिंकली," चष्मेवाला म्हणाला. कपाची बशी त्याने काउंटरवर ठेवली. "वहिनी, तुम्ही तर गायिका झालात. तुमच्या आवाजावर लोक नाचतायत."

"कसला आवाज?"

"बघा की."

त्याने फोन तिच्यासमोर धरला.

भिंत तिची होती. बदक तिचं होतं. ओट्यावर कुकर होता आणि गॅस बंद झाल्याचा खट् असा आवाज आला. तिचाच आवाज म्हणाला, "थांबा!" आणि त्याच श्वासात तिचे दोन हात आले, झाकण फिरवलं आणि उचललं. "झालं. बघा, कशी बसलीय रिंग."

कॅमेरा नेहमी एकाच जागी असायचा. कुकर हलला नव्हता, डाग हलला नव्हता, उजेड बदलला नव्हता. त्यामुळे मधून काय गेलंय ते दाखवणारा सांधा कुठेच नव्हता. एक अख्खं थांबणं नाहीसं झालं होतं आणि कापडावर साधी सुरकुतीही पडली नव्हती. चमचा नाही, कान देणं नाही. आणि तो शब्द, जो तिने सगळ्यांत जास्त जपला, तो आता जादूगार रुमाल झटकण्याआधी म्हणतो तसा वाटत होता.

"पुन्हा दाखव," ती म्हणाली.

त्याने पुन्हा दाखवलं.

"हे मी केलेलं नाही."

"तुम्हीच आहात की वहिनी, हात ओळखू येतायत."

"हात माझे आहेत," ती म्हणाली. "मी नाहीये."

चष्मेवाल्याला त्यात विनोद वाटला आणि तो पुढची क्लिप दाखवायला लागला. कॉलेजातल्या मुली, हॉटेलातला आचारी, दाढीवाला बाप आणि त्याचं हसणारं बाळ. सगळ्यांच्या ओठांवर तिचा आवाज. थांबा! आणि भस्सकन काहीतरी उघडायचं. कुणी डबा उघडत होतं, कुणी कपाट. कुणी कुकर. एकाच्या कुकरमधून उघडताना वाफेचा ढग वर आला आणि तो मागे सरकून हसला. ढग छान दिसला होता. त्या क्लिपला खूप लोकांनी दाद दिली होती.

ती घरी आली तेव्हा सून फोनवर कुणाशी तरी बोलत होती, आवाज चढलेला, आनंदाचा. बेकरीवालाच होता. सासूचा चेहरा बघून तिने फोन ठेवला.

"झाकण उघडायचं नाही, असं ठरलं होतं," कुकरताई म्हणाली.

"आई, मी नवीन काढलंच नाही. जुनंच..."

"बघितलंस तू ते?"

सुनेने फोनमध्ये ती क्लिप लावली. ती लाखो लोकांनी बघितली होती. तिने ती पहिल्यांदा शेवटपर्यंत, नीट, आकड्यांकडे न बघता बघितली. मग ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"मी काढून टाकते," ती म्हणाली, आणि काढून टाकली. बोटाचा एक दाब. क्लिप गेली. पण ज्यांनी ती उतरवून घेतली होती त्यांची राहिली, आणि त्यांनी पुन्हा चढवलेली राहिली, आणि आवाज तर कुणाच्या मालकीचाच उरला नव्हता.

"आता?"

"आता खरं काय ते सांगणारी क्लिप टाकू. तुम्ही स्वतः बोला."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांनी ती केली. कुकरताई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, ते कापलेलं आहे, तसं करू नका, भाजेल, डोळा जाईल, माझ्या बहिणीचा गेला. मग गॅस बंद केला, थांबा म्हणाली आणि थांबली. सगळं थांबणं, पूर्ण.

ती क्लिप चाललीच नाही. सून दुसऱ्या दिवशी दिवसभर फोन हातात घेऊन बसली. लोक येत होते, "थांबा" येईपर्यंत टिकत होते, काही उघडलं नाही की अंगठा सरकवत होते.

"ज्यांनी पहिली बघितली त्यांनाच दाखव म्हणावं पट्टीला."

"असं सांगता येत नाही, आई. कुणाला काय दाखवायचं ते आपण नाही ठरवत तिथे. चॅनलवर माणसं आपल्याकडे येतात. तिथे आपल्याला त्यांच्यापुढे टाकलं जातं. एकदा टाकलं की कुणापुढे टाकलं ते कळत नाही."

"तू हे आधी सांगितलं होतंस मला. वेगळ्या शब्दांत."

"सांगितलं होतं."

सासू ओरडली असती तर सुनेला चाललं असतं. कुकरताईने उठून तिच्यासाठी पाणी आणलं, आणि ते जास्त जड गेलं.

मग चॅनलवर नर्सचा निरोप आला. जुन्या एका व्हिडिओखाली, जिथे तिचा तो एकच शब्द आधीपासून होता, तिथे.

"ताई, मी तुम्हाला ओळखत नाही पण ओळखते. माझी आई पट्टी बघते. चॅनल मी लावून द्यायचे, पट्टी ती स्वतः लावते. तिने तुमची ती क्लिप बघितली. आता ती 'थांबा' म्हणते आणि उघडते. मी ओरडले तर म्हणते, तुझ्याच ताईंनी दाखवलंय. आमचा कुकर बाहेरून झाकण बसणारा आहे, जुना, झाकण अडकवणारे कान झिजलेले, आत वाफ असतानाही फिरतो. मी ड्युटीवर असते. भाजलेल्यांच्या वॉर्डात असते, ताई."

निरोप दोन दिवसांपूर्वीचा होता. उत्तर न दिलेल्या निरोपांच्या ढिगात पडून होता. सुनेने तो मोठ्याने वाचला.

"नंबर माग तिच्या आईचा," कुकरताई म्हणाली.

नंबर आला, आणि खाली एक ओळ: आत्ता ती स्वयंपाकाला लागली असेल, माझा फोन उचलत नाहीये, तुमचा अनोळखी म्हणून उचलेल कदाचित.

व्हिडिओ कॉल लावला. खूप वेळ वाजला. मग एक गोल, घामेजलेला चेहरा आला, कपाळ जास्त आणि हनुवटी कमी.

"कोण?... अगं बाई! थांबा!" म्हातारी हसली. "तुम्ही! अहो, खरंच तुम्ही? कुणाला खरं वाटणार नाही."

"आजी, कुकर लावलाय का?"

"लावलाय ना. बटाटे. आत्ता होतील. बघा तुम्हीच, तुमच्यासारखंच करते." चेहरा गेला. फोन कशाला तरी टेकवला गेला. आता एक भिंत दिसत होती, एका डब्याची कड, आणि चित्राच्या अगदी बाजूला कुकरच्या हँडलचा काळा तुकडा. शिट्टी झाली. लांबट, ओली, अर्धवट तुटलेली शिट्टी. कुकरताई पुढे झुकली. तो आवाज तिने ओळखला. नळी अर्धी भरलेली असते तेव्हा असा आवाज येतो.

"आजी, गॅस बंद करा आणि लांब व्हा."

खट्.

"थांबा!" पलीकडून म्हातारीचा आवाज आला, नाचवल्यासारखा, आणि चित्राच्या कडेला एक हात हँडलवर पडला.

"आजी." कुकरताई ओरडली नाही. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना तिचा जो आवाज असायचा तोच होता. "तुम्हाला माझं खोटं दाखवलंय. मी उघडत नाही. मी थांबते. खूप वेळ थांबते. कंटाळा येईपर्यंत. ते कापून टाकलंय त्यातून."

हात हँडलवरच होता.

"पण एवढ्या वेळा उघडला, काही झालं नाही," म्हातारी म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"हो. काही होत नाही. होत नाही, होत नाही, आणि मग माझ्या बहिणीसारखं होतं. हात काढा. माझ्याशी बोला. तुमच्याकडे खुर्ची आहे का तिथे? बसा. मी पण बसते."

बराच वेळ काही झालं नाही. मग हात चित्राबाहेर गेला, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"थांबले," म्हातारी म्हणाली.

पलीकडे धातू बारीक नख आपटत होता. कुकरताई बहिणीबद्दल सांगत राहिली, डाव्या बाजूला बसलेल्या माणसाकडे ती कशी सगळीच वळायची ते. म्हातारीने तिच्या नर्स लेकीबद्दल सांगितलं. धातू शांत झाल्यावर कुकरताईने चमच्याने शिट्टी उचलायला सांगितलं. वाफ आली नाही. "अजून नको," ती म्हणाली. "त्या नळीवर माझा विश्वास नाही. झाकण हाताला गार लागू दे." नख आपटणं केव्हाच थांबलं होतं, बटाटे गार झाले असतील, तेव्हा कुठे झाकण उचललं गेलं, तेही हळू, कान झिजलेलं झाकण उचलावं तसं.

"उद्या पण लावाल का फोन?" म्हातारीने विचारलं. "मला एकटीने थांबायला जमत नाही हो. आणि ती पट्टी लावली की तुम्हीच येता सारख्या. घाईत असता नेहमी."

"लावेन," कुकरताई म्हणाली.

फोन बंद झाल्यावर सून म्हणाली, "मी पट्टीवरचं खातं बंद करते. चॅनलच नीट करू. सगळ्या प्रश्नांना उत्तरं देऊ. सगळ्यांची माफी मागू."

"चॅनल नीट कर. पट्टी बंद करू नकोस."

"आई?"

"आधी तिकडे जायचं की नाही, हे आपल्या हातात होतं. आता माझे हात तिकडे गेलेत. कुणीतरी माझ्या नावाने कुकर उघडत फिरतंय आणि मी घरी बसू? जिथे जिथे ते दिसेल, तिथे तिथे खाली खरं काय ते लिहायचं. एकेकाला. त्यांनी वाचो न वाचो."

"ते संपणार नाही कधी."

"नसेल संपणार."

सुनेने मान हलवली. तिने फोन उघडला, पट्टी लावली आणि शोधायला लागली. पहिल्याच क्लिपमध्ये एक अनोळखी तरुण बाई, कुठल्याशा स्वयंपाकघरात, ओठांवर सासूचा आवाज घेऊन उभी होती. सुनेने खाली लिहिलं. सरकवलं. पुन्हा लिहिलं.

संध्याकाळ उतरत होती. समोरच्या इमारतीत एकेका खिडकीत दिवा लागत होता आणि त्या प्रत्येक खिडकीमागे एक ओटा होता. वरच्या मजल्यावर कुठेतरी शिट्टी झाली. मग शेजारच्या जिन्यावरून दुसरी. मग गॅस बंद झाल्यानंतरची ती शांतता. सुनेचा अंगठा फोनवर थांबला. सासूने मान वर केली, पूर्ण चेहरा वळवून खिडकीकडे केला, आणि दोघी वाट बघत राहिल्या, झाकणाचा आवाज कधी येतो त्याची.